‘एसी आवाज करतो’... पण कसला?

आपल्या हॉस्टेलचं तक्रार-रजिस्टर कधी चाळलंय का? नसेल तर एखाद्या दिवशी मेसच्या लाइनमध्ये उभं राहण्यापेक्षा ते वाचा, टाइमपास मस्त होतो. त्यात रीडिंग रूमच्या एसीबद्दल गेल्या उन्हाळ्यात अकरा नोंदी आहेत आणि अकराही सारख्याच. ‘एसी मेकिंग नॉइज.’ त्यातल्या चार माझ्या हातच्या, हे आधीच कबूल करते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे असेल, पण कुठल्याही मशीनचा कुठलाही आवाज आला की माझ्याकडे शब्द एकच, नॉइज. त्यापुढे डोकंच चालत नाही.

हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. त्या शब्दाची किंमत आम्ही ५६ मुलींनी प्रत्येकी पन्नास रुपये, म्हणजे एकूण २८०० रुपये मोजली. वर एसी गप्प झालाच नाही, ते वेगळंच.

वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पुस्तक उघडलं तरी गरम लागतं. रूमवर कुलर असतो, पण कुलर म्हणजे स्वतःच एक जिनिंग मिल. त्याच्या घरघरीत पंखा, पंप, गळणारं पाणी सगळं बुडून जातं आणि फारच खडखड झाली तर आपण त्याला एक बुक्की मारतो. आपल्या विदर्भातल्या माणसाचा कान असा कुलरवर तयार झालेला असतो. आवाज म्हणजे चालू आहे, आवाज नाही म्हणजे लाइट गेली! भिंतीवरच्या स्प्लिट एसीचं तसं नाही. तो मुळात शांत असतो, म्हणून त्याचा प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो आणि बहुतेक प्रत्येक आवाजाला स्वतःचं एक कारण असतं. फक्त तो आवाज ‘कसला’ आणि ‘कधी’ हे सांगता यायला हवं.

तर झालं असं. सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात रीडिंग रूमचा दीड टनाचा एसी शिट्टी मारायला लागला. बारीक, सलग, प्रेशर कुकरची शिट्टी यायच्या आधी जी सीऽऽ सुरू होते ना, तशी. शिवाय मधूनमधून फर्रर्र. थंडावाही कमी झाला होता. रजिस्टरमध्ये नेहमीची ओळ लिहिली गेली. मेकॅनिक भाऊ आले, गेज लावला, म्हणाले, ‘गॅस कमी आहे, म्हणून शिट्टी मारतोय.’ गॅस भरला, २८०० घेतले. त्या संध्याकाळी जरा बरं वाटलं (पैसे दिल्यावर वाटतंच). तिसऱ्या दिवशी शिट्टी परत हजर.

माझी रूममेट आर्वीकडची. तिचे बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये फिटर आहेत. ती लहानपणापासून मशीनचे आवाज ऐकत वाढलेली. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, ‘काहून वं, गॅसचा आवाज असन कशावरून? फॅनवर टाकून पाय ना आधी.’

मी रिमोटवर मोड बदलून फॅन केला. पाच मिनिटं थांबलो. शिट्टी तशीच.

इथे जरा थांबते, कारण सगळं यातच आहे. एसी कूल मोडवर असताना एकाच वेळी दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे हवेचं काम. आतला ब्लोअर खोलीतली हवा जाळीतून आणि गार कॉइलवरून ओढतो आणि खाली फेकतो. दुसरं गॅसचं काम. बाहेरचा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो बारीक वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम पडतो, तो थंड होतो, आतल्या कॉइलमधून फिरून परत जातो. फॅन मोडवर दुसरं काम पूर्ण बंद असतं. कॉम्प्रेसर थांबला, थोड्या वेळाने दोन्हीकडचा दाब सारखा झाला की गॅस जागच्या जागी उभा. जो गॅस वाहतच नाही, तो शिट्टी कशी मारणार? म्हणजे फॅन मोडवर जो आवाज टिकतो तो हवेचा किंवा ब्लोअरचा, आणि जो जातो तो गॅसचा, कॉम्प्रेसरचा किंवा त्याच्या पाइपचा. रिमोटचं एक बटण, आणि अर्धी शंका संपली. त्यासाठी कुठलीही ब्रँच लागत नाही, मेकॅनिकल तर नाहीच नाही.

मग तिने फॅनचा स्पीड हायवरून लो केला. शिट्टी बारीक होत होत गेली. परत हाय केला, परत चढली. आवाजाची पट्टी फॅनच्या स्पीडबरोबर वरखाली होत असेल तर ती हवाच. हवा कुठल्या तरी फटीतून जोरात घुसतेय. बासरीत फुंक मारल्यासारखंच.

ती फट कुठे होती हे शोधायला मोठी अक्कल लागली नाही. मेन स्विच बंद केला, पुढचं पॅनल उचललं आणि दोन्ही जाळ्या बाहेर काढल्या. जाळ्या कसल्या, नमदाच तो! राखाडी, जाड, हाताला मऊ. आपल्याकडे हिवाळाभर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात असतात, रस्त्याच्या कडेला बाभळीवर कापूस लटकलेला आपण बघतोच. तो बारीक तंतू खिडकीतून आत येतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असलेल्या एसीवर निवांत बसतो. मार्चमध्ये एसी सुरू झाला की पहिल्या झटक्यात जाळीवर. त्यावर धूळ, केस, खडूची पूड. मधली जाळी बंद झाल्यावर हवेला वाट हवी म्हणून ती जाळीच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून घुसते आणि तिथे शिट्टी वाजते. खात्री करायला जाळ्यांशिवाय अर्धा मिनिट फॅन चालवून बघितला. शिट्टी गायब. जाळ्या बाथरूमच्या नळाखाली उलट्या बाजूने धुतल्या, म्हणजे घाण ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर ढकलली जाते, सावलीत वाळवल्या, बसवल्या. खर्च शून्य रुपये. पाणी एक बादली, तेही आंघोळीच्या वाटणीतलं.

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकने फसवलं. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी जाम भडकले होते. पण आमच्या सरांना विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यामुळे राग अर्धा उतरला. जाळी तुंबली की कॉइलवरून हवा कमी जाते. हवा कमी म्हणजे गॅसला उष्णता कमी मिळते, तो पुरेसा उकळत नाही, कॉइल नको तितकी गार पडते आणि परतीच्या पाइपातला दाब उतरतो. गेज लावला की काटा खालीच दिसतो, अगदी गॅस कमी असल्यासारखा. म्हणजे काट्याने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त प्रश्न चुकला होता. जाळी न बघता गेज लावणं म्हणजे पेशंटने नाक दाबून धरलंय हे न बघता त्याला दम्याचं औषध देणं. आणि त्यात वर भरलेला गॅस नंतर जास्तच होतो. जाळी साफ झाल्यावर हवा नीट वाहते, दाब वर येतो आणि कॉम्प्रेसरवर विनाकारण ताण. तो जास्तीचा गॅस नंतर काढून घ्यावा लागला, हेही इथे लिहून ठेवते.

मग गॅस कमी असल्याचा आवाज असतो तरी कसा? असतो, नाही असं नाही. तो शिट्टीपेक्षा सुस्कारा जास्त, सापाच्या फुत्कारासारखा ‘हिस्स’. फॅनचा स्पीड काहीही करा, तो बदलत नाही. कॉम्प्रेसर बंद झाला की मिनिट-दोन मिनिटांत विरतो. आणि मुख्य म्हणजे तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर थंडावा कमी झालेला असतो, कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि कॉइलच्या सुरुवातीच्या एका भागावर बर्फ चढतो पण बाकीची कॉइल कोमट. (जाळी तुंबल्यामुळे बर्फ आला तर तो साधारण सगळ्या कॉइलभर पसरतो. दोन बर्फांतला फरक डोळ्यांनी दिसतो.) कॉम्प्रेसर सुरू होताना आणि थांबताना जो एकदा सुस्स आवाज येतो, तो मात्र रोजचाच. गॅस जागा बदलतोय, एवढंच. त्याची तक्रार करू नका.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कुणालाच पटत नाही. एसीतला गॅस संपत नाही. तो स्कूटरचं पेट्रोल नाही की महिन्याला भरावं. ते बंद चक्र आहे. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी निघून गेला आहे, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी. म्हणून ‘गॅस कमी आहे’ असं ऐकलं की एकच प्रश्न विचारायचा, भाऊ, लीक कुठे आहे? पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात, ते आपणही बघू शकतो. शिवाय गॅस किती भरायचा ते युनिटवरच्या पट्टीवर वजनात लिहिलेलं असतं, त्यामुळे तो काट्याच्या अंदाजाने भरण्यापेक्षा वजन करून भरलेला बरा. हल्ली बऱ्याच नव्या एसींमध्ये आर-३२ असतो आणि तो थोडाफार पेट घेणारा आहे, तेव्हा ‘मीच भरतो’ हा उद्योग कुणी करू नये. रूमवर तर नाहीच.

आता राहिली फर्रर्र.

शिट्टी गेल्यावर ती जास्तच ऐकू यायला लागली. अंगठ्याने पत्ते फेटल्यासारखी, किंवा लहानपणी सायकलच्या चाकात पत्ता अडकवून बाइकचा आवाज काढायचो, अगदी तसा. आधी पुढचं पॅनल तळव्याने हलकेच दाबून बघितलं. खडखड प्लॅस्टिकची असेल तर दाबल्यावर गप्प बसते. मग समजायचं, लॉक नीट लागलेलं नाही किंवा जाळी खाचेत बसलेली नाही. (आम्ही स्वतः जाळ्या बसवल्या होत्या, त्यामुळे पहिला संशय स्वतःवर!) आमची गप्प बसली नाही. पूर्ण युनिट दोन्ही हातांनी धरलं, तरी नाही. म्हणजे भिंतीवरची प्लेटही सैल नाही. जुन्या भिंतींचं प्लास्टर भुसभुशीत झालं की त्या प्लेटचे स्क्रू हलतात आणि सगळं युनिटच थरथरतं, तेव्हा ते धरल्यावर आवाज बदलतो.

इथे थोडं गणित, पण घाबरू नका. आतला ब्लोअर म्हणजे लाटण्यासारखा लांब नळा असतो, त्याच्या सगळ्या घेरावर बारीक पाती. हा प्रकार जुना आहे बरं का. पॉल मॉर्टिए नावाच्या फ्रेंच माणसाला त्याचं अमेरिकन पेटंट १८९३ साली मिळालं होतं. हाय स्पीडवर हा नळा मिनिटाला साधारण १२०० फेरे धरा. म्हणजे सेकंदाला २०. आता समजा नळ्यावरच काहीतरी चिकटलंय, पाल म्हणा, मातीचा गोळा म्हणा, किंवा एक पातं तुटलंय. तर ते एका फेऱ्यात एकदा आदळणार, सेकंदाला २० वेळा. कानाला ते ठोके म्हणून ऐकू येत नाहीत, जाडसर घर्रर्र ऐकू येते आणि युनिट थरथरतं. उलट एखादी वस्तू बाहेर स्थिर अडकून पात्यांना घासत असेल तर तिला प्रत्येक पातं लागणार. पाती ३५ धरली तर सेकंदाला ७०० वेळा. ती घर्रर्र राहत नाही, त्याचा सूर होतो. आमची फर्रर्र सुराकडे झुकणारी होती. म्हणजे वस्तू फिरत नव्हती, कुठेतरी बसून होती.

यातून एक गंमत निघते. जी टिकटिक तुम्ही बोटांवर मोजू शकता, ती पूर्ण स्पीडवर चाललेल्या ब्लोअरची असूच शकत नाही! सेकंदाला वीस कोण मोजणार? मोजता येणारा आवाज म्हणजे दुसरं काहीतरी. त्याकडे येतेच.

ब्लोअरचा आवाज मोजायचा असेल तर एक युक्ती आहे. रिमोटने बंद करू नका, मेन स्विच बंद करा. रिमोटने बंद केलं की खालचा फ्लॅप मिटतो, मेन बंद केला तर तो उघडाच राहतो आणि ब्लोअर आपल्या जोरावर काही सेकंद फिरत हळू होत थांबतो. त्या काही सेकंदांत कान जवळ न्यायचा. हात नव्हे, कान! फर्रर्रचं टर्रर्र झालं, मग टक-टक-टक, मग टक... टक... आणि थांबला. शेवटच्या टक्ला आवाज डावीकडून आला हे आम्हा दोघींनाही कळलं. आवाज उजवीकडून आला असता तर त्या बाजूला मोटर असते. आणि डाव्या टोकाला रबरात बसवलेला छोटा बुश असतो. तो सुकला की टकटक करत नाही, चीं-चीं करतो, न तेल घातलेल्या झोपाळ्यासारखा.

मेन बंदच ठेवून टॉर्च मारला. हवा बाहेर पडते त्या ओठाला एक घडी केलेला कागद अडकला होता, टोक पात्यांना लागलेलं. लाकडी पट्टीने हळूच बाहेर ओढला. मागच्या सेमची चिठ्ठी! फ्लुइड मेकॅनिक्सची, वर बर्नुलीचं समीकरण. कुणी लपवली होती माहीत नाही, पण वाहत्या हवेत बर्नुली ठेवणारीच्या कल्पकतेला दाद द्यायला हवी. तिचा पेपर निघाला असेल अशी आशा आहे.

(कृपा करून मेन चालू असताना कुणी पट्टी घालू नका. आणि मेन बंद असला तरी कॉइलच्या पातळ पत्र्यांवर बोटं फिरवू नका, ब्लेडसारखे कापतात. माझ्या करंगळीवर अजून खूण आहे. आत वायरिंग आणि बोर्ड आहे, तिथे आपलं काही काम नाही.)

खडखडीचा एक प्रकार भिंतीपलीकडून येतो, तो सांगते आणि पुढे जाते. तांब्याचे पाइप बाहेर ग्रिलला किंवा भिंतीच्या भोकाच्या कडेला टेकलेले असतील तर कॉम्प्रेसरची थरथर पाइपातून आत येते आणि वाटतं आतलंच युनिट वाजतंय. फॅन मोडवर ती लगेच जाते. पाइप आणि ग्रिलमध्ये रबराचा तुकडा, काम झालं.

आता टिकटिक. हिच्याबाबत लोक एकतर उगाच घाबरतात किंवा जिथे घाबरायला हवं तिथे झोपून राहतात. सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं आणि बंद केल्यावर अधूनमधून येणारी टिक... टिक... म्हणजे प्लॅस्टिक गार होऊन आकसतंय, मग परत फुगतंय. घरी टिनाचं छप्पर असलेल्यांना हे शिकवायला नको, संध्याकाळी ऊन उतरलं की ते असंच बोलतं. थर्मोस्टॅटनुसार कॉम्प्रेसर चालू-बंद होताना एक टक् येतो, तो बोर्डवरच्या रिलेचा. तोही रोजचा. एसी बंद करून लगेच चालू केला तर साधारण तीन मिनिटं कॉम्प्रेसर मुद्दाम सुरू होत नाही. दाब सारखा व्हायला दिलेला तो वेळ आहे. त्या तीन मिनिटांत आपल्यापैकी किती जणी चार वेळा रिमोट दाबतात, ते मी रीडिंग रूममध्ये बसून मोजलंय.

फ्लॅप हलतानाच कट-कट-कट होत असेल तर फ्लॅप अडकलाय आणि त्याची छोटी मोटर दात सोडतेय. हे होतं कारण आपण फ्लॅप हाताने वाकवतो, ‘माझ्याकडे हवा येत नाही’ म्हणून. स्विंग बंद केल्यावर कट-कट गेली तर तेच.

पण दोन टिकटिकी मात्र खऱ्या काळजीच्या. पहिली संध्याकाळची. सगळ्या गावाचे कुलर, मोटारपंप एकदम चालू असतात तेव्हा व्होल्टेज बसतं आणि रिले धरू की सोडू करत तडतडतो. टिऽटिटिटि, पॉपकॉर्नसारखं. (स्टॅबिलायझर पण टक्-टक् करतो, म्हणून आधी कान त्याच्याजवळ नेऊन बघा आवाज कोणाचा.) अशा वेळी रिलेचे काँटॅक्ट जळतात, एसी बंद करून व्होल्टेज येईपर्यंत थांबणं एवढाच उपाय. दुसरी त्याहून वाईट. आत टक्, मग बाहेर हूंऽऽ अशी काही सेकंदांची कण्हल्यासारखी घरघर, परत टक् आणि शांत. काही मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय, उठता येत नाहीये आणि त्याचं ओव्हरलोड त्याला खाली बसवतंय. बरेचदा यात कपॅसिटर कमजोर झालेला असतो. उन्हात तापणाऱ्या युनिटमधले कपॅसिटर हळूहळू उतरतात. ती काही शेकड्यांची वस्तू आहे. पण ‘अधूनमधून चालतोय ना’ म्हणून दोन दिवस तसंच ठेवलं तर कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जाऊ शकतं आणि मग हजारांत हिशेब. हा आवाज ऐकला की रजिस्टर नंतर, मेन आधी. कपॅसिटर बदलणं मात्र मेकॅनिकचंच काम. तो मेन बंद केल्यावरही चार्ज धरून असतो, हे इलेक्ट्रिकलवाल्यांनी तरी विसरू नये.

आणखी एक, कारण मागच्या वर्षी याने आम्ही भुताच्या गोष्टींपर्यंत पोचलो होतो. रात्री एसीतून गडगड, गुडगुड, हुक्का ओढल्यासारखा आवाज. दारं-खिडक्या बंद आणि शेजारच्या पॅसेजमधला एक्झॉस्ट चालू. एक्झॉस्ट खोलीतली हवा ओढतो, तिची भरपाई कुठून तरी हवी, ती हवा ड्रेन पाइपातून उलटी येते आणि पाण्यात बुडबुडते. खिडकी दोन बोटं उघडली की भूत पळतं. खिडकी उघडूनही गुडगुड राहिली आणि खाली पाणी गळायला लागलं, तर पाइपचं बाहेरचं तोंड बघा. हिवाळ्यात कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधून जाते. तिला काय, तिला आयता फ्लॅट.

हे सगळं लिहिण्याचं कारण आता सांगते. माझं म्हणणं मेकॅनिकविरुद्ध नाही, आपल्या रजिस्टरविरुद्ध आहे. मेकॅनिक भाऊंना गावभर फिरायचं असतं, मे महिन्यात दिवसाला कितीतरी कॉल. त्यांच्या हातात आपण ‘नॉइज’ देतो. ते येतात तेव्हा एसी नेमका गप्प असतो (हे डॉक्टरकडे गेल्यावर खोकला थांबण्यासारखंच आहे), मग उरतो गेज, आणि गेज काय सांगतो ते वर आलंच. उलट ‘शिट्टी, फॅन मोडवरही येते, स्पीड कमी केला की कमी’ एवढी ओळ लिहिली असती, तर त्यांनी गॅसचा सिलिंडर गाडीवरून उतरवलाच नसता.

आणि ही ओळ मराठीत लिहा, ही माझी हट्टाची मागणी आहे. मी बोलतेय हे पाहून माझ्या आईला हसू येईल, कारण दहावीपर्यंत ती मला मराठी पेपर वाच म्हणून मागे लागायची. पण रूममेटच्या बाबांना मी फोनवर आवाज सांगायला गेले तेव्हा माझी फजिती झाली. ते विचारत होते, ‘बेटा, खडखड हाय का खरखर? घरघर हाय का घुरघुर? किणकिण तर नाही ना येत?’ त्यांना या प्रत्येक शब्दामागे एक वेगळा पार्ट दिसत होता. खडखड म्हणजे सैल, खरखर म्हणजे घासतंय, कुरकुर म्हणजे सुकलंय, तडतड म्हणजे करंट. जिनिंगमध्ये ते स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर ठेवतात आणि मूठ कानाला लावून ऐकतात. इंग्रजीत शब्द नाहीत असं नाही, रॅटल, व्हिसल, क्लिक आहेतच, पण आपण ते लिहीत नाही. लिहितो नॉइज. मराठीत ‘आवाज येतो’ एवढंच लिहून कुणी थांबूच शकत नाही, पुढचा माणूस लगेच विचारतो, कसला?

मी रेक्टर मॅडमना हे सांगितलं, रजिस्टरमध्ये तीन रकाने करूया म्हणून. आवाज कसला, फॅन मोडवर येतो का, आणि कधी येतो. शिवाय मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी जाळ्या धुवायच्या आणि पुढे सही. मॅडम म्हणाल्या, मुलींना एवढं लिहायला वेळ कुठे असतो. त्यांचं अगदीच चूक नाही, सबमिशनमध्ये आम्ही स्वतःचं नावही घाईत लिहितो. स्टाफपैकी एक सर म्हणाले, उद्या मुली स्टूलवर चढून पॅनल उघडायला लागल्या तर जबाबदारी कोणाची? हा प्रश्न खरा आहे आणि माझं उत्तर हेच की जाळ्या काढायचं काम हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियन मामांनी करावं, मेन बंद करून. आपण फक्त ऐकायचं आणि लिहायचं. मोड बदलायला स्टूल लागत नाही.

शेवटी मॅडमनी रकाने आखून दिले, पट्टीने, लाल पेनने. जाळ्यांच्या सह्यांचं अजून ठरलेलं नाही. मामांचं म्हणणं, पंधरा दिवसांनी नाही, महिन्याने. त्यावर आमचं भांडण चालू आहे आणि मी जाळीतून निघालेला तो कापसाचा नमदा पिशवीत घालून पुरावा म्हणून जपून ठेवलाय.

नव्या रकान्यांमधली पहिली नोंद गेल्या सोमवारची आहे. अक्षर कोणाचं ते ओळखता येत नाही. ‘रीडिंग रूम. कट-कट. फॅन मोडवरही येते. फक्त फ्लॅप वर जाताना. मीच वाकवला होता, सॉरी.’